1 + cos x ला लिमिट नाही, तरी उत्तर 1 कसं येतं?

प्रश्न: "lim x→∞ (x + sin x)/x काढायची होती. वर आणि खाली दोन्ही अनंताकडे जातात म्हणून लोपितालचा नियम लावला, तर 1 + cos x आलं. त्याला लिमिट नाही, म्हणून मी 'लिमिट अस्तित्वात नाही' असं लिहिलं. सरांनी शून्य मार्क दिले, म्हणाले उत्तर 1 आहे. x ने भागून पाहिलं तर खरंच 1 येतं. मग नियम चुकतो का? मैत्रिणीने अपूर्णांक उलटा करून तोच नियम लावला, ते तरी चालतं का? आणि पेपरात नेमकं लिहायचं काय?"

नियम चुकत नाही. तुमचं डिफरन्सिएशनही बरोबर आहे आणि 1 + cos x ला लिमिट नाही हेही बरोबर आहे. चूक आहे ती फक्त त्यानंतरच्या 'म्हणून' या शब्दात. तिथून पुढे तुम्ही जे लिहिलंत ते नियमाने कधी सांगितलेलंच नाही.

नियम असा आहे: अंश आणि छेद दोघांना डेरिव्हेटिव्ह आहे, छेदाचं डेरिव्हेटिव्ह पुढे कुठेही शून्य होत नाही, रूप 0/0 किंवा ∞/∞ आहे, आणि जर f'(x)/g'(x) ला L ही लिमिट असेल, तर f(x)/g(x) लाही L हीच लिमिट असते. L च्या जागी अनंत आलं तरी चालतं. या वाक्यातला चौथा भाग, म्हणजे तो 'जर', फळ्यावर हमखास गळतो. आपण सगळे घाईत असं लिहितो:

```
lim f(x)/g(x) = lim f'(x)/g'(x)
```

आणि ते समीकरणासारखं दिसायला लागतं. समीकरण म्हटलं की डावी बाजू नाही तर उजवी नाही, उजवी नाही तर डावी नाही, असं मन आपोआप मानतं. पण ही बरोबरी उधारीवर लिहिलेली असते. उजवीकडची लिमिट निघाली की उधारी फिटते. निघालीच नाही, तर ती ओळ खोडायची असते, कारण मग तिला कसलाच आधार उरत नाही. मी शिकवताना त्या = चिन्हाच्या डोक्यावर एक छोटं प्रश्नचिन्ह काढतो आणि खाली उत्तर निघालं की मगच पुसतो. तुमच्या गणितात ते प्रश्नचिन्ह पुसायची वेळ आलीच नाही. नियमाने "मला यावर काही सांगता येत नाही" एवढंच म्हटलं होतं, आणि तुम्ही त्याचा अर्थ "उत्तर नाही" असा घेतलात.

एवढं बहुतेक पुस्तकांत तळटीपेत असतं. पण ते वाचूनही मनात खुटखुट राहते: नियम एकाच दिशेने का चालतो? डेरिव्हेटिव्ह झुलत असताना मूळ गुणोत्तर शांत कसं होतं? हे एकदा डोळ्यांनी दिसलं की नियम पाठ करावा लागत नाही, म्हणून तिथे जरा थांबतो.

x ला वेळ समजा आणि f(x) = x + sin x ला तेवढ्या वेळात गाडीने कापलेलं अंतर. मग f'(x) = 1 + cos x म्हणजे त्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा. आणि f(x)/x म्हणजे निघाल्यापासून आतापर्यंतचा सरासरी वेग. तुम्हाला विचारलं होतं की सरासरी वेग कुठे स्थिरावतो, आणि तुम्ही उत्तर दिलंत की काटा स्थिर होत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

ही गाडी गर्दीतल्यासारखी चालते. वेग 2 पर्यंत चढतो, मग उतरत उतरत 0 होतो, गाडी क्षणभर थांबते, पुन्हा 2 कडे जाते. हे चक्र 2π इतक्या वेळात पूर्ण होतं आणि तसंच चालत राहतं. काटा कधीच एका जागी बसणार नाही. पण प्रत्येक पूर्ण चक्रात गाडी बरोबर 2π इतकं अंतर कापते, म्हणजे चक्राची सरासरी 1. शंभर चक्रं झाली की हिशोबात शंभर चक्रांची 1 अशी सरासरी असते आणि शेवटचं एखादं अर्धवट चक्र. त्या अर्धवट चक्रामुळे अंतरात जास्तीत जास्त 1 इतका फरक पडतो, आणि तो फरक भागला जातो एकूण वेळेने. वेळ वाढत जाते, फरक 1 च्या पुढे जात नाही. म्हणून सरासरी 1 वर येऊन बसते.

हे नुसतं उदाहरण म्हणून नाही, अक्षरशः असंच आहे. f(0) = 0 आहे, त्यामुळे 0 पासून x पर्यंत 1 + cos t चं इंटिग्रल घेऊन x ने भागलं, की डेरिव्हेटिव्हची सरासरी मिळते, आणि ती येते 1 + (sin x)/x. म्हणजे तुमचं मूळ गुणोत्तरच. छेदात नुसता x असेल, तर f(x)/x हे नेहमी डेरिव्हेटिव्हची सरासरी असतं. सुरुवातीचं f(0)/x उरलं तर तेही विरून जातं.

आता दोन जागा जवळून बघू. x = 31π घ्या, म्हणजे साधारण 97.39. तिथे sin x शून्य, म्हणून गुणोत्तर बरोबर 1. cos x मात्र −1, म्हणून डेरिव्हेटिव्ह 0. आता अर्धं चक्र पुढे, x = 32π, साधारण 100.53. तिथेही sin x शून्य, गुणोत्तर पुन्हा बरोबर 1. पण cos x आता +1 आहे, डेरिव्हेटिव्ह 2. एवढ्या अंतरात काटा एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेला आणि सरासरी जिथल्या तिथे आली. मधल्या x = 100 ला कॅल्क्युलेटरवर बघितलंत तर गुणोत्तर 0.995 दिसेल आणि डेरिव्हेटिव्ह 1.86. x = 1000 ला गुणोत्तर 1.0008, डेरिव्हेटिव्ह 1.56. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये ठेवायला विसरू नका. अंशांमध्ये राहिला तर हे आकडे जुळणार नाहीत.

आलेख काढलात तर हेच दुसऱ्या रूपात दिसतं. y = x + sin x हा वक्र y = x या रेषेला धरून जिन्यासारखा चढतो, आणि रेषेपासून वर किंवा खाली 1 पेक्षा जास्त कधी जात नाही. 1 + cos x हा वक्रावरच्या त्या जागेचा चढ. (x + sin x)/x हा उगमबिंदूपासून त्या बिंदूपर्यंत ओढलेल्या सरळ रेषेचा चढ. वक्रावर चालणाऱ्याला प्रत्येक पायरी जाणवते. उगमबिंदूवर उभं राहून त्याच्याकडे बघणाऱ्याची नजर मात्र, तो जसजसा लांब जातो तसतशी, 45 अंशांवर स्थिर होत जाते, कारण तेवढ्या अंतरावरून एका पायरीने कोन फारसा बदलत नाही.

मग नियम खरा का ठरतो आणि उलटा का ठरत नाही? त्याच्या सिद्धतेत एकच महत्त्वाची पायरी आहे, कोशीचं मध्यमान प्रमेय. एक जागा a ठरवायची आणि तिथेच सोडायची. मग a च्या पुढच्या कुठल्याही x साठी a आणि x यांच्या मध्ये कुठेतरी एक c सापडतो, जिथे

```
(f(x) − f(a)) / (g(x) − g(a)) = f'(c) / g'(c)
```

आता समजा f'/g' ला L ही लिमिट आहे. मग a पुरेसा पुढे घेतला, की a नंतरच्या प्रत्येक ठिकाणी f'/g' हे L च्या अगदी जवळ असतं. c नेमका कुठे पडतो हे प्रमेय सांगत नाही, पण त्याची गरजच नाही. कुठेही पडू दे, तिथे f'/g' L जवळच आहे. उरले f(a) आणि g(a). ते ठरलेले आकडे आहेत, आणि x वाढला की g(x) अनंताकडे जातो, त्यामुळे त्यांचा वाटा पुसला जातो. सिद्धता संपली.

उलट दिशेने हेच चालवून बघा. आता आपल्याला माहीत आहे की f(x)/g(x) 1 कडे जातं. त्यावरून कळतं एवढंच, की प्रमेयाला जे c सापडतात तिथे f'/g' चं मूल्य 1 जवळ आहे. बाकीच्या ठिकाणी काय आहे, याबद्दल अवाक्षरही कळत नाही. तुमच्या फंक्शनमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. a = 0 घेतला की समीकरण होतं

```
(x + sin x)/x = 1 + cos c,   म्हणजे   cos c = (sin x)/x
```

x मोठा झाला की उजवी बाजू शून्याजवळ जाते, म्हणून cos c शून्याजवळ, म्हणून c नेहमी π/2, 3π/2, 5π/2 अशा कुठल्यातरी जागेला चिकटून असतो. x = 100 साठी cos c = −0.00506, आणि साधारण 1.576 हा c सुद्धा चालतो, म्हणजे पहिल्याच π/2 च्या शेजारचा. जिथे डेरिव्हेटिव्ह 0 किंवा 2 होतं, त्या जागांकडे c फिरकतच नाही. या c ला ज्या जागा कधी भेटतच नाहीत, त्यांच्याबद्दल मूळ गुणोत्तराला विचारून काय उपयोग? नियमाची अट 'सगळीकडे f'/g' शहाण्यासारखं वागलं पाहिजे' अशी आहे, आणि निष्कर्षाला लागतं फक्त 'c च्या जागी शहाण्यासारखं वागलं पाहिजे'. अट गरजेपेक्षा खूप जास्त मागते. म्हणूनच ती पुरेशी आहे, पण आवश्यक नाही.

इथपर्यंत आल्यावर बरेच विद्यार्थी एक नवी पळवाट काढतात. डेरिव्हेटिव्ह झुलतंय ना, मग त्याच्या झुलण्याचा मध्य घ्या: 1 + cos x हे 0 आणि 2 च्या मध्ये झुलतं, मध्य 1, उत्तर 1. तुमच्या प्रश्नात हे जमून जातं. पण हा नियम म्हणून धरू नका, कारण ते जमतं की नाही हे झुलण्याच्या लयीवर अवलंबून आहे. यासाठी मी नेहमी हे दुसरं फंक्शन शेजारी ठेवतो:

```
(2x + x·sin(ln x)) / x
```

वरचं डेरिव्हेटिव्ह घ्या. 2 + sin(ln x) + cos(ln x) येईल. हेही झुलतं, 2 − √2 आणि 2 + √2 यांच्या मध्ये, म्हणजे साधारण 0.59 ते 3.41. मध्य 2. मग उत्तर 2? x ने भागून बघा: गुणोत्तर आहे 2 + sin(ln x). ते कायम 1 आणि 3 च्या मध्ये झुलत राहतं. इथे लिमिट खरोखरच नाही.

दोन्हीकडे नियम लावल्यावर एकच दृश्य दिसलं: डेरिव्हेटिव्ह मर्यादेत राहून झुलतंय आणि लिमिट नाही. तरी एका ठिकाणी मूळ लिमिट आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. या दोन उदाहरणांचा माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा उपयोग हाच. f'/g' झुलताना दिसलं, तर मूळ गुणोत्तराला लिमिट आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही म्हणता येत नाही.

फरक कुठे पडला ते पुन्हा गाडीत बसून बघता येतं. sin x च्या गाडीचं प्रत्येक चक्र सारख्याच लांबीचं होतं, 2π. त्यामुळे झालेल्या चक्रांचा ढीग वाढत गेला आणि चालू चक्राचं वजन त्यापुढे नगण्य होत गेलं. sin(ln x) चं एक चक्र पूर्ण व्हायला ln x मध्ये 2π ची भर पडावी लागते, म्हणजे x ला e^(2π) पट, जवळजवळ 535 पट व्हावं लागतं. म्हणजे प्रत्येक चक्र आधीच्या चक्राच्या सुमारे 535 पट लांब. आधीची सगळी चक्रं मिळूनही चालू चक्रापुढे किरकोळ ठरतात. गाडी सध्या ज्या जोरात आहे, सरासरी त्याच्याच मागे ओढली जाते, आणि जोर ओसरला की तीही खाली येते. x = 4.8 च्या आसपास गुणोत्तर 3 असतं, 111 च्या आसपास 1, मग 2576 च्या आसपास पुन्हा 3, आणि पुन्हा 1 पर्यंत यायला 59,610 च्या आसपास जावं लागतं.

कॅल्क्युलेटरवर विसंबून लिमिटचा अंदाज बांधणाऱ्यांना हे फंक्शन चांगलंच फसवतं. x = 1000 ला 2.58, 2000 ला 2.97, 3000 ला 2.99. कुणीही छातीठोकपणे 3 लिहील. 4000 ला ते 2.90 वर आलेलं असतं आणि तिथून त्याची लांबलचक उतरण सुरू झालेली असते.

नियम लागू झाला नाही म्हणून केलेली मेहनत पूर्ण वाया गेली का? नाही. वरच्या सिद्धतेत L ऐवजी एक पट्टा ठेवून बघा. समजा पुढे सगळीकडे f'/g' हे m आणि M यांच्या मध्ये आहे. मग c कुठेही पडो, तिथलं मूल्य m आणि M यांच्या मध्येच असणार, आणि f(a), g(a) चा वाटा पुसला गेल्यावर f/g लाही त्या पट्ट्याच्या बाहेर कुठे स्थिरावता येणार नाही. त्यामुळे 1 + cos x वरून तुम्हाला एवढं नक्की म्हणता आलं असतं: मूळ लिमिट असली तर ती 0 आणि 2 यांच्या मध्ये आहे. उत्तरपत्रिका तपासताना मला कधीतरी एखादा विद्यार्थी भेटतो, जो नेमकं हेच वाक्य लिहून थांबलेला असतो. त्याचं उत्तर अपुरं असतं, पण चुकीचं नसतं, आणि मी त्याला 'लिमिट नाही' लिहिणाऱ्यापेक्षा जास्त मार्क देतो. दुसऱ्या उदाहरणातही हा पट्टा बरोबर बसतो: डेरिव्हेटिव्ह 0.59 ते 3.41 मध्ये, मूळ गुणोत्तर 1 ते 3 मध्ये, म्हणजे आतच. सरासरी घेतली की टोकं बोथट होतात. ती कितपत बोथट होतात, तेच लयीवर ठरतं.

असं गणित समोर आल्यावर आधीच ओळखायचं कसं? मी दोन तुलना करतो आणि त्या मिसळू देत नाही. पहिली: झुलणारं पद छेदाच्या तुलनेत किती मोठं आहे? यावर खरं उत्तर ठरतं. दुसरी: झुलणाऱ्या पदाचं डेरिव्हेटिव्ह छेदाच्या डेरिव्हेटिव्हच्या तुलनेत किती मोठं आहे? यावर नियम चालेल की नाही ते ठरतं. तुमच्या प्रश्नात sin x ची उंची 1 आणि छेद x, म्हणून पहिल्या तुलनेत sin x हरतो आणि उत्तर 1 येतं. डिफरन्सिएट केल्यावर x चा होतो 1, पण sin x चा होतो cos x, ज्याची उंची अजूनही 1 च आहे. डिफरन्सिएशनने घात एक पायरी खाली येतो, साइनची उंची मात्र कमी होत नाही. जो सामना आधीच जिंकलेला होता, तो आपण स्वतःच्या हाताने बरोबरीत आणून ठेवला.

म्हणूनच (x² + sin x)/x² मध्ये नियम बिनतक्रार चालतो: (2x + cos x)/(2x) मध्ये cos x अजूनही 2x पुढे छोटा आहे, लिमिट 1. (x² + x sin x)/x² मध्ये मात्र पुन्हा अडतो, कारण x sin x च्या डेरिव्हेटिव्हमध्ये x cos x हे पद येतं आणि ते 2x च्या तोडीचं आहे. उत्तर तरीही 1 च आहे. आणि (x + sin(x²))/x घेतलंत तर डेरिव्हेटिव्ह 1 + 2x cos(x²) होतं, ज्याचे झोके वाढतच जातात, पट्टासुद्धा उरत नाही. तरी उत्तर 1, कारण sin(x²) ची उंची 1 च्या वर जात नाही. झोके कितीही जोरात असले तरी ते इतके पटापट उलटतात की अंतरात त्यांचा हिशोब जवळजवळ शून्यच राहतो.

आता मैत्रिणीचं बघू. तिने x/(x + sin x) घेतलं, उत्तराचा व्यस्त घेऊ असं म्हणून. कल्पना ठीक आहे, लिमिट शून्य नसेल तर व्यस्त घेता येतो. पण नियम लावला की 1/(1 + cos x) येतं, आणि x = π, 3π, 5π अशा प्रत्येक विषम पटीला छेद शून्य. तुमच्या मांडणीत छेद नुसता x होता, त्याचं डेरिव्हेटिव्ह 1, त्यामुळे छेदाचं डेरिव्हेटिव्ह शून्य नसावं ही अट पाळली जात होती आणि फक्त शेवटचा 'जर' फसला होता. तिच्या मांडणीत त्याच्या आधीचीच अट मोडते. कितीही पुढे जा, छेदाचं डेरिव्हेटिव्ह शून्य होणाऱ्या जागा संपत नाहीत. म्हणून तिथे नियम हातात घ्यायचाच नाही. 1/(1 + cos x) कधी 1/2 असतं तर कधी हवं तेवढं मोठं होतं, आणि मूळ गुणोत्तर आपलं शांतपणे 1 कडे जात असतं. तिचं उत्तर 1 आलं असेल, तर ते तिने दुसऱ्या कुठल्यातरी वाटेने काढलं असणार, या नियमाने नाही. तिची ती पायरी एकदा बघून घ्या.

या अटीकडे दुर्लक्ष केलं तर उलट्या बाजूने मोठा अपघात होऊ शकतो. ओटो श्टोल्त्स यांनी 1879 मध्येच असं उदाहरण दिलं होतं: वर x + sin x cos x, खाली तेच गुणिले e^(sin x). दोन्हींची डेरिव्हेटिव्ह घेतली की वर-खाली cos x सामाईक निघतो. तो खुशाल काटला तर उरलेल्याची लिमिट 0 येते, नीटनेटकी. पण मूळ गुणोत्तर तर e^(−sin x) आहे, त्याला लिमिटच नाही. काटलेला cos x अनंत ठिकाणी शून्य होत होता, आणि अट मोडल्याचा पुरावा त्याच्याबरोबर पुसला गेला. तेव्हा सामाईक पद काटण्याआधी ते कुठे शून्य होतं हे बघायची सवय लावा.

पेपरात काय लिहायचं, तर सरळ इतकंच पुरेसं आहे. अंशाची दोन पदं वेगळी करा:

```
(x + sin x)/x = 1 + (sin x)/x
x > 0 साठी  −1/x ≤ (sin x)/x ≤ 1/x
```

दोन्ही टोकं 0 कडे जातात, म्हणून सँडविच प्रमेयाने (sin x)/x ची लिमिट 0, म्हणून उत्तर 1. नियमाचा उल्लेख करायची गरज नाही. आधीच नियम लावून 1 + cos x पर्यंत पोचला असाल, तर ती ओळ खोडू नका. तिच्याखाली लिहा: "f'(x)/g'(x) ला लिमिट नाही, म्हणून लोपितालचा नियम इथे लागू होत नाही, दुसऱ्या पद्धतीने", आणि वरच्या दोन ओळी मांडा. तपासणाऱ्याला यातून कळतं की अट कुठे फसली ते तुम्हाला दिसलं आहे. 1 + cos ∞ असं मात्र कुठेही लिहू नका. cos ∞ नावाची संख्या नाही, आणि ती लिहिली की पुढे काहीही लिहिलं तरी तपासणाऱ्याची पेन्सिल तिथेच थांबते.

तुमच्या सरांनी पूर्ण शून्य दिलं ते मला जरा कडक वाटतं, कारण डिफरन्सिएशन आणि 1 + cos x चं निरीक्षण दोन्ही बरोबर होतं. पण मार्क कसे वाटले आहेत ते त्या प्रश्नाच्या गुणदान योजनेवर अवलंबून असतं. प्रश्नात पद्धत सांगितलेली नसेल आणि मार्क फक्त उत्तराला असतील, तर त्यांना दुसरा पर्याय नव्हता. पेपर परत मिळाला असेल तर योजना विचारून घ्या. आणि विचारायला जाताना (2x + x sin(ln x))/x हे गणित आधी स्वतः सोडवून सोबत न्या.